हॉट फ्लशेससाठी हार्मोन्स: घ्यावेत की सोसावं?

रातराणी: वय 47. पाळी कधी चाळीस दिवसांनी, कधी अडीच महिन्यांनी. दिवसातून सात-आठ वेळा छातीपासून कानापर्यंत वाफा येतात, रात्री घामाने गाऊन भिजतो आणि मग झोप लागत नाही. शाळेत फळ्यासमोर उभी असताना घाम निथळतो. बीपीची गोळी चालू आहे. मावशीला साठीनंतर स्तनाचा कॅन्सर झाला होता. डॉक्टरीणबाईंनी इस्ट्रोजेनची जेल आणि प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल लिहून दिल्यात. औषध घरात आणून ठेवलंय, पण सुरू करायचा धीर होत नाही. हार्मोन्सशिवाय जमेल का? की घ्यावेतच?

तर्कट: घेऊ नका. पाळी जाणं हा आजार नाही, त्यावर औषध कशाला? अमेरिकेत 2002 साली याच हार्मोन्सचा मोठा अभ्यास मधेच थांबवावा लागला होता, कारण बायकांना स्तनाचे कॅन्सर जास्त व्हायला लागले. त्यात तुमच्या सख्ख्या मावशीची केस. दोन-तीन वर्षं कळ काढा, आपोआप थांबेल.

बटवा: मीही तर्कट यांच्याच बाजूने, पण नुसतं 'सोसा' म्हणणं बरोबर नाही. रात्री दुधातून शतावरी, सोयाबीनचं पीठ कणकेत, सकाळी शीतली प्राणायाम. संध्याकाळनंतर चहा आणि तिखट बंद. माझ्या दोघी नणंदांना सहा आठवड्यांत उतार पडला. आणि झोपण्यापूर्वी योगनिद्रा कराच, झोपेवर हमखास परिणाम होतो.

स्टेथो: स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं हेच बघते. तर्कट यांनी सांगितलेला अभ्यास खरा आहे, पण तो कोणावर झाला ते बघा. त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. दिलेली गोळी गाभण घोडीच्या लघवीतून काढलेलं इस्ट्रोजेन आणि जोडीला प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम प्रोजेस्टिन. दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाचे कॅन्सर 30 च्या जागी 38 झाले. हा धोका शून्य नाही, पण 47 वर्षांच्या, पाळी अजून सुरू असलेल्या बाईला तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. आणि 'दोन-तीन वर्षं' हेही खरं नाही. ज्यांना पाळी चालू असतानाच वाफा सुरू होतात त्यांचा त्रास सहसा सगळ्यात लांबतो, सात वर्षांच्याही पुढे जातो.

बटवा, झोपेबद्दल तुमचं बरोबर आहे. योगाच्या चाचण्यांत झोप सुधारली, पण वाफांची संख्या कमी झाली नाही. संथ श्वसनानेही वाफा कमी झाल्या नाहीत. शतावरी आणि सोयाने काहींना बरं वाटतं, पण या त्रासात औषध म्हणून नुसती साखरेची गोळी दिलेल्या बायकांनाही बराच उतार पडतो, त्यामुळे नणंदांच्या अनुभवावरून ठरवता येत नाही.

रातराणीताई, चार गोष्टी सांगा. पाळी आली की किती दिवस जाते आणि किती? पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गाठ झाली होती का? मायग्रेन? आणि बीपीची गोळी कोणती, कधीपासून?

गोदाकाठ: अहो, एवढा विचार काय करायचा! माझी पिशवी आणि दोन्ही अंडाशयं अडतिसाव्या वर्षी काढली. ऑपरेशननंतर चार-पाच दिवसांत अशा वाफा सुरू झाल्या की वाटलं ताप आहे. डॉक्टरांनी नुसती इस्ट्रोजेनची गोळी दिली, महिन्याभरात माणसात आले. ते प्रोजेस्टेरॉन वगैरे भानगड नकोच, त्यानेच म्हणे कॅन्सर होतो. जेल घ्या आणि कॅप्सूल सोडून द्या.

स्टेथो: गोदाकाठताई, तुम्हाला योग्यच औषध मिळालं. अडतिशीत अंडाशयं काढल्यावर पाळी जायच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यायचंच असतं, हाडांसाठी आणि हृदयासाठीही. पण तुमचा सल्ला रातराणीताईंनी मानला तर घोटाळा होईल. त्यांची पिशवी जागेवर आहे. नुसतं इस्ट्रोजेन दिलं की पिशवीचं आतलं अस्तर जाड होत जातं आणि काही वर्षांत तिथेच कॅन्सर होऊ शकतो. ती कॅप्सूल अस्तराला आवर घालते. पाळी अजून येत असेल तर ती साधारण दर महिन्याला बारा रात्री देतात, मग ठरल्यासारखं अंगावरून जातं. रोज दिली तर या वयात अधूनमधून डाग पडत राहतात आणि बायका घाबरून सगळंच बंद करतात. ती रात्रीच घ्यायची, कारण गुंगी येते. झोप उडालेल्या बाईला ती गुंगी फायद्याचीच.

जास्वंद: मला स्वतःला स्तनाचा कॅन्सर झाला, तो परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे. मला हार्मोन्स कोणी देणारच नाही, त्यामुळे बिनहार्मोनचा रस्ता मी पूर्ण चालून बघितलाय. थंड पाण्याची बाटली, सुती चादर, पंखा याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, वाफ यायची ती येतेच. शेवटी व्हेनलाफॅक्सिनने फरक पडला. ही मुळात डिप्रेशनची गोळी. 37.5 मिलिग्रॅमने सुरुवात, आठवड्याने 75. पहिले काही दिवस सारखी मळमळ, मग गेली. दुकानदाराने 'मानसिक आजाराची गोळी का?' असं विचारलं, तेव्हा उत्तर द्यायचा कंटाळा आला. दुसऱ्या एका डॉक्टरांनी आधी पॅरॉक्सेटिन ही डिप्रेशनचीच दुसरी गोळी लिहिली होती. कॅन्सरच्या डॉक्टरांनी ती खोडली, कारण तिच्यामुळे टॅमॉक्सिफेन शरीरात नीट कामाला लागत नाही. टॅमॉक्सिफेनवाल्यांनी एवढं लक्षात ठेवा.

तर्कट: बघा! हार्मोन्सशिवाय भागतं. मग डॉक्टरांनी आधी तेच का नाही दिलं?

स्टेथो: रास्त प्रश्न. 2014 साली या दोघांची समोरासमोर चाचणी झाली होती, आठ आठवड्यांची. बायकांना सुरुवातीला दिवसाला सरासरी आठ वाफा येत होत्या. कमी मात्रेच्या इस्ट्रोजेनने त्या चारच्या जरा खाली आल्या, व्हेनलाफॅक्सिनने साडेचारच्या जरा खाली, आणि नुसत्या साखरेच्या गोळीने साडेपाचवर. म्हणजे दोघांत फरक थोडाच. नेहमीच्या मात्रेचं इस्ट्रोजेन याहून जास्त काम करतं, पण 'हार्मोन नाही तर काहीच नाही' असं अजिबात नाही.

फक्त व्हेनलाफॅक्सिनने काहींचं बीपी वाढतं, आणि इथे बीपी आधीच आहे. ती अचानक सोडायचीही नसते, चक्कर येते. मुख्य त्रास रात्रीचा असेल तर झोपताना 300 मिलिग्रॅम गॅबापेंटिन हा दुसरा पर्याय, सकाळी थोडं जडावल्यासारखं वाटतं. आणि एक उपाय गोळीविना आहे: सीबीटी, म्हणजे प्रशिक्षित समुपदेशकाकडची काही सत्रं. वाफा तेवढ्याच येतात, पण 'आता वर्गात सगळे बघणार' ही धास्ती उतरते आणि झोप सुधारते. शिक्षिकेला हे उपयोगी पडेल असं मला वाटतं, पण नीट शिकलेली माणसं लहान गावांत मिळत नाहीत.

न्यूजर्सीची_काकू: इथे 2023 पासून फेझोलिनेटंट नावाची गोळी आलीय, हार्मोन नाही. मेंदूत जिथे शरीराचं तापमान ठरतं तिथेच काम करते. मैत्रीण घेते, खूश आहे. पण सुरू करण्यापूर्वी आणि नंतर काही महिने लिव्हरची रक्त तपासणी करत राहावी लागते. डिसेंबर 2024 मध्ये एफडीए या इथल्या औषध नियंत्रक संस्थेने तिच्यावर लिव्हरबद्दल सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. किंमत विचारू नका.

रातराणी: स्टेथो मॅडम, गाठ कधी नाही, मायग्रेन नाही. अ‍ॅम्लोडिपिन तीन महिन्यांपासून, वाफा त्याआधी वर्षभर होत्या, पण अलीकडे वाढल्यात हे खरं. पाळीचं म्हणाल तर मागच्या दोन्ही वेळा बारा-तेरा दिवस गेलं, गाठी पडत होत्या. ते मी डॉक्टरांना सांगितलं नाही. या वयात असंच होतं ना?

स्टेथो: असं होतं, पण तपासल्याशिवाय 'असंच' म्हणायचं नाही. जेलचं पाकीट तूर्त उघडू नका. या वयात पाळी अशी लांबली की आधी योनीमार्गे सोनोग्राफी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. अस्तराची जाडी पाळीच्या दिवसांप्रमाणे बदलते, त्यामुळे डॉक्टर कदाचित अस्तराचा लहानसा तुकडाही तपासायला काढतील. कारण न कळलेला रक्तस्राव असताना हार्मोन सुरू केले तर पुढचं रक्त औषधाचं की आजाराचं, ते कळत नाही. मॅमोग्राफी याच फेरीत उरका.

रक्तातलं एफएसएच हे पाळीशी संबंधित हार्मोन तपासून या म्हणून कोणी सांगितलं तर त्यावर पैसे घालवू नका. या टप्प्यात तो आकडा या महिन्यात वर, पुढच्या महिन्यात खाली असतो.

अ‍ॅम्लोडिपिनमुळेही चेहरा तापतो. तुमच्या वाफांचं ते मूळ नाही, पण भर पडत असेल. फिजिशियनना विचारा, गोळी बदलता येते. स्वतःहून बंद करू नका.

तपासण्या स्वच्छ आल्या आणि बीपी आटोक्यात असेल तर मी तुमच्या जागी जेल घेईन. कातडीतून जाणाऱ्या इस्ट्रोजेनने नेहमीच्या मात्रेत रक्ताच्या गाठीचा धोका वाढलेला दिसत नाही, तोंडावाटे घेतलेल्याने वाढतो. स्वतःला कॅन्सर झालेला, गाठ, स्ट्रोक, हार्ट अटॅक किंवा लिव्हरचा चालू आजार असता तर माझं उत्तर वेगळं असतं. साठीनंतर झालेला मावशीचा कॅन्सर या यादीत बसत नाही. आई किंवा बहिणीला चाळिशीत झाला असता तर मी थांबून जास्त विचारलं असतं.

तर्कट: मला अजून पटत नाही. सुरू करणं सोपं, बंद कधी करायचं? पाच वर्षांनी जेल सोडली आणि वाफा परत आल्या तर पुन्हा सुरू? जोडीला प्रोजेस्टेरॉन असलं की वर्षं वाढतील तसा स्तनाचा धोका वाढतो, हे तुम्हीही नाकारत नाही.

स्टेथो: नाकारत नाही. कॅप्सूलमधल्या नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनने तो धोका कमी असावा असं काही अभ्यास सुचवतात, पण खात्री देण्याइतका भक्कम पुरावा नाही. मी दरवर्षी बीपी बघते, मॅमोग्राफीचा हिशेब ठेवते आणि मात्रा कमी करता येईल का ते विचारते. सोडल्यावर काहींच्या वाफा परत येतात, कोणाच्या येतील ते आधी सांगता येत नाही. ठरलेली तारीख मी कोणालाच देत नाही, माझे काही सहकारी पाच वर्षांवर ठाम असतात.

बटवा: शतावरी सोबत चालेल ना पण?

स्टेथो: तपासण्या होईपर्यंत थांबा. तिचा अस्तरावर काय परिणाम होतो, याची खात्रीची माहिती नाही.

पेठेतला: घरी हाच विषय आहे म्हणून विचारतो. बायको 48. ही जेल-कॅप्सूल म्हणजे कुटुंबनियोजनाच्या गोळ्याच ना? मग आमचं दुसरं साधन बंद करायला हरकत नाही?

स्टेथो: हरकत आहे! यातली मात्रा बरीच कमी असते, गर्भ राहू शकतो. पाळी पन्नाशीच्या आत थांबली तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं साधन चालू ठेवायचं, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष. औषधानेच दर महिन्याला अंगावरून जात असेल तर खरी पाळी कधी थांबली ते घरात कळणारच नाही, म्हणून ते तिच्या डॉक्टरांबरोबर बसून ठरवा.