मामा जन्मापासून मुका-बहिरा, बहिणीला दिवस गेलेत. लवकर सांगा

धडगावचा_पोऱ्या: राम राम मंडळी. मोठा मामा लहानपणापासून मुका-बहिरा, डोळा तिरळा, पाय ताठ टाकत चालतो, समज लहान पोराएवढी. आता बहिणीला दुसरा महिना आहे आणि सासरचे म्हणतात तुमच्या रक्तातच दोष. मामाला थायरॉईडची गोळी चालू करू का?

सुनंदा_शहादा: उंची किती मामाची? त्याच्या आईचा गळा सुजलेला होता का? घरात मीठ कोणतं? काहीच न सांगता काय सांगायचं बाबा.

धडगावचा_पोऱ्या: उंची माझ्याएवढीच. आजीच्या गळ्याला मोठी गाठ होती, पण तिचा इथे काय संबंध?? मीठ बाजारातलं खडा. मामाची थायरॉईडची तपासणी केली, टीएसएच नॉर्मल आली.

जळगाव_मेडिकल: मग आयोडीनच्या कमतरतेचा विषयच नाही. त्यातली माणसं बुटकी, चेहरा सुजट, कातडी कोरडी, टीएसएच आभाळाला.

अमळनेरवाली: भो, माले बी थायरॉईड शे, सकाळी उपाशीपोटी गोळी घेते, वजन काही उतरत नाही.

निवृत्त_डॉक्टर_धुळे: मेडिकलवाले भाऊ, तुम्ही सांगताय तो एक प्रकार, तो काँगोत जास्त दिसला, तिथे कसावा खाणं आणि सेलेनियमची कमतरता यांनी थायरॉईड ग्रंथीच खलास होते. दुसऱ्या प्रकारात ग्रंथी पुढे बऱ्यापैकी चालते, उंचीही मिळते, पण बहिरेपण, तिरळेपणा, ताठ पाय राहतात. मॅककॅरिसनने 1908 मध्ये गिलगिट-चित्रालकडे हे दोन्ही प्रकार वेगळे नोंदवले होते. पहिले तीनेक महिने बाळाची ग्रंथी चालतच नाही, आईच्या थायरॉईडचं टी4 हार्मोन जातं आणि बाळाचा मेंदू त्यातून लागणारं टी3 हार्मोन स्वतः बनवतो. आयोडीन कमी पडलं की आईचं शरीर टी3 राखतं आणि टी4 घटतं, म्हणून आईला आपण ठणठणीत वाटतो आणि बाळाचा मेंदू मात्र उपाशी राहतो. मामाचं वर्णन या प्रकारात बसतं, पण बघितल्याशिवाय खात्री देणार नाही, बहिरेपणाची कारणं इतरही असतात. टीएसएच नॉर्मल असेल तर गोळीने काही फरक पडणार नाही, नुकसान पोटातच झालंय.

जळगाव_मेडिकल: बरं मानलं. पण मग बहिणीला आयोडीन देऊन आता काय उपयोग, दुसरा महिना तर लागला.

निवृत्त_डॉक्टर_धुळे: म्हणूनच घाई करा. पापुआ न्यू गिनीत 1966 पासून बायकांना आयोडीनयुक्त तेलाची इंजेक्शनं दिली, तरी जी थोडी पोरं अशी जन्मली त्यांच्या आया बहुतेक इंजेक्शनच्या वेळीच गरोदर होत्या. आधी मिळालेलं उत्तम, पण उरलेल्या महिन्यांतही बाळाची ग्रंथी आईच्याच आयोडीनवर चालते. गरोदर बाईला रोज 250 मायक्रोग्रॅम लागतं. खडा मीठ बंद करा, पाकिटाचं आयोडीनचं वापरा, टीएसएच आणि टी4 करून घ्या. स्वतःहून आयोडीनचे थेंब वगैरे देऊ नका, जास्तही नको.

सुनंदा_शहादा: आणि पाकीट उघडं ठेवू नका. आशाताईकडे किट असेल तर मिठावर थेंब टाकून बघा, निळं-जांभळं झालं तर आयोडीन आहे.

धडगावचा_पोऱ्या: म्हणजे रक्तातला दोष नाही हे मी सासरच्यांना ठामपणे सांगू शकतो ना?

निवृत्त_डॉक्टर_धुळे: आजीची गाठ ही आयोडीन कमी पडल्याची खूण असू शकते, ती आणि मामाची लक्षणं बघता तसं वाटतं. ठामपणे तपासणीनंतर.

अमळनेरवाली: आम्ही गाईला खडा मीठ चाटायला ठेवतो, ते चालेल ना मग?