मदत हवी आहे: लग्नाआधी बाप्तिस्म्याचा प्रश्न कसा सोडवलात?

मी साताऱ्याची, हिंदू. तो त्रिशूरचा, सिरो-मलबार कॅथलिक. दोघंही पुण्यात नोकरीला. घरी सगळं माहीत आहे, धर्म कुणीच बदलणार नाही, तेव्हा तो सल्ला नको. १९५४च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणी करायचं ठरलंय, ३० दिवसांच्या नोटिशीची माहितीही काढली आहे.

भाषेचं निभावतंय. त्याच्या आजीला फक्त मल्याळम येतं. ती ताटात भात वाढतच राहते, म्हणून मी सगळ्यात आधी ‘मति’, म्हणजे पुरे, हा शब्द शिकले.

अडलंय ते चर्चमधल्या विधीपाशी. त्याला बिशपांची परवानगी लागते आणि त्यासाठी मुलांचा बाप्तिस्मा व्हावा, ती कॅथलिक म्हणून वाढावीत, याकरता शक्य ते सगळं करीन, असं वचन त्याने द्यायचं असतं. माझी सही नको, पण मला त्याची कल्पना दिली जाते. तो म्हणतो, आईच्या समाधानासाठी सही करतो, पुढचं पुढे बघू. मला ते पटत नाही. दिलेलं वचन तो पाळणारा माणूस आहे. तीन रविवार बोललो, दर वेळी इथेच थांबलो.

ज्यांनी असं लग्न केलंय त्यांनी सांगा: सहीआधी तुम्ही एकमेकांना नेमकं काय विचारलंत, आणि मूल झाल्यावर त्यातलं काय टिकलं?