मदत हवी आहे: पाइपाच्या नोझलचा धक्का मागे लागतो, पण माझं गणित पुढे दाखवतं!

द्रव यांत्रिकीचं एक उदाहरण अडलंय. अग्निशमन जवानाच्या हातात 63 मिमीचा होज, पुढे 20 मिमी तोंडाचं नोझल, त्याच्या मागच्या टोकाला दाब 7 बार. फवाऱ्याचा वेग साधारण 37.5 मी/से आणि प्रवाह सेकंदाला 11.8 लिटर येतो. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा संवेग म्हणजे 11.8 × 37.5, जवळपास 440 न्यूटन. म्हणजे 45 किलोचा रेटा. एकट्याला पेलताना घाम फुटेल, हे पटतं.

आता फक्त नोझल वेगळं काढून समीकरण मांडलं. मागून दाबाचं बल 2180 न्यूटन. त्यातून संवेगातली वाढ, सुमारे 400, वजा केली की पाणी नोझलला 1780 न्यूटनने *पुढे* ढकलतं! म्हणजे कपलिंगवर ताण येतो. चिन्हं तीनदा तपासली.

माझा अंदाज असा: जवानाने हात लावला नाही, तर होजच्या कापडात ताण 1780 इतकाच, पण आतल्या पाण्याचा दाब आणि संवेग मिळून रेटा 2220. उरलेले 440 होजला दांड्यासारखे दाबतात, म्हणून मोकळा होज वळतो आणि सापासारखा फटके मारतो. जवानाने 440 ने पुढे रेटलं की ताण 2220 होतो आणि होज शांत.

हे बरोबर आहे का? आणि जवानाच्या लगेच मागे होज काटकोनात वळून जमिनीला टेकला असेल, तर 440 मधला किती भाग जमीन घेते?