मदत हवी आहे: मधेच प्लॅन वाढवला, तरी १० तारखेला परत पूर्ण पैसे कापले. नेमके किती परत करायचे?

लातूरची_हिशोबनीस

नमस्कार मंडळी. आमची लातूरची छोटी कंपनी आहे, कोचिंग क्लासेसना फी आणि हजेरीचं सॉफ्टवेअर महिन्याच्या वर्गणीवर देतो. बिलिंग मी बघते, कोड पुण्यातला एक मुलगा बाहेरून करून देतो. आमच्याकडे प्लॅन विद्यार्थिसंख्येवर आहेत. दहावीचा निकाल लागला की क्लासेसमध्ये एकदम गर्दी होते आणि जूनच्या मधेच लोक वरचा प्लॅन मागतात.

नांदेडच्या एका क्लासचं चक्र १० जून ते ९ जुलै. छोटा प्लॅन ६०० रुपये, पैसे १० जूनलाच यूपीआय ऑटोपेने आले. २२ जूनला त्यांनी १,५०० चा प्लॅन घेतला. सिस्टीमने त्याच दिवशी हे बिल काढलं:

नवीन प्लॅन १,५००
जुन्या प्लॅनचे न वापरलेले १८ दिवस: वजा ३६०
एकूण १,१४०, जीएसटी धरून १,३४५.२०

सरांनी लिंकवरून लगेच भरले. मग १० जुलैला ऑटोपेने आणखी १,७७० कापले. सकाळीच फोन, "मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर माझ्या पोरांच्या फीचा हिशोब ठेवतं अन् स्वतःचाच चुकतं व्हय?"

मी हाताने मांडलं तर ६०० जास्त गेलेत असं वाटतं. म्हणजे जुना प्लॅन परत लागला का? क्लास जीएसटीत नोंदणीकृत आहे आणि जूनचा जीएसटीआर-१ आम्ही भरून टाकलाय.

परभणीचा_पोरगा

सरळ आहे ताई. जुनं सबस्क्रिप्शन बंदच झालं नाही, दोन्ही चालू आहेत. ६०० आकडाच सांगतोय की जुन्या प्लॅनचे पैसे परत लागले. जुनं कॅन्सल करा, ६०० आणि वरचा जीएसटी परत द्या, विषय मिटला.

जालना_नेटवाला

आमचा इंटरनेटचा धंदा आहे. गिऱ्हाईक मधेच खालच्या प्लॅनवर आलं की लई डोकं खातं, उरलेले पैसे रोख मागतं. आम्ही सरळ सांगतो, खाली यायचं तर पुढच्या रिचार्जपासून. तुम्ही पण तसाच नियम करा, कटकट संपते.

लातूरची_हिशोबनीस

दादा, आमचं गिऱ्हाईक खाली नाही, वर गेलंय. तो नियम आमच्याकडे आहेच.

औंढ्याचा_अभियंता

परभणीच्या भावाचं अर्धं बरोबर आहे. दोन गोष्टी एकाच वेळी चालू आहेत, पण ते दोन प्लॅन नाहीत, दोन तारखा आहेत. ६०० हा आकडा इथे फसवतोय.

२२ जूनचं बिल नीट बघा. १,५०० पूर्ण लावलेत, म्हणजे सिस्टीमने त्या दिवसापासून नवीन महिना धरला: २२ जून ते २१ जुलै. जुन्या प्लॅनचे ३६० वजा केले, तेही बरोबर. म्हणजे ते बिल एकटं बघितलं तर त्यात काही खोट नाही. पण ऑटोपेच्या मॅंडेटवर तारीख १० चीच राहिली. त्याने नवीन रक्कम उचलली आणि जुन्या तारखेला कापली. त्यामुळे १० ते २१ जुलै या १२ दिवसांचे पैसे नवीन दराने दोनदा गेले. १,५०० चे ३० दिवसांतले १२ दिवस म्हणजे ६००. जुन्या प्लॅनची किंमतही ६०० च निघाली, हा निव्वळ योगायोग.

खात्री करायची असेल तर २५ जूनला वर गेलेला एखादा ग्राहक काढा. तिथे फरक ७५० चा दिसेल. जुना प्लॅन परत लागला असता तर तिथेही ६०० च दिसले असते.

परभणीचा_पोरगा

बरं, आलं लक्षात. पण मग १० तारखेचं बिल रद्द करायचं की २२ चं?

औंढ्याचा_अभियंता

कोणती तारीख ठेवायची त्यावर आहे. माझं मत, १० च ठेवा. २२ करायची तर बहुतेक वेळा नवीन मॅंडेट घ्यावं लागतं, म्हणजे सरांना परत मंजुरी देऊन पिन टाकावा लागणार. आणि आत्ता ते तुमच्यासाठी पिन टाकायच्या मनःस्थितीत नसणार.

१० ठेवली तर २२ जूनला फक्त फरक घ्यायला हवा होता: नवीन प्लॅनचे १८ दिवस म्हणजे ९००, वजा ३६०, बाकी ५४०. जीएसटी धरून ६३७.२०. घेतले १,३४५.२०. म्हणून परत द्यायचे ७०८, त्यातले ६०० मूळ रक्कम आणि १०८ कर. क्रेडिट नोट २२ जूनच्या बिलावर काढा, जुलैच्या बिलावर नको, कारण ज्यादा पैसे जूनच्या बिलात आहेत. नोट जुलैत निघेल, जुलैच्याच जीएसटीआर-१ मध्ये दाखवा. भरलेलं रिटर्न उकरायची गरज नाही. फक्त सरांच्या सीएला कळवा, त्यांनी त्या १०८ चं क्रेडिट घेतलं असेल तर उलटवावं लागेल.

आणि हा एकच क्लास असेल असं समजू नका. पोराला हे चालवायला सांगा, टेबलांची नावं तुमच्याप्रमाणे बदला:

```sql
SELECT a.customer_id, a.invoice_no, b.invoice_no
FROM invoices a
JOIN invoices b ON a.customer_id = b.customer_id
 AND a.id < b.id
 AND a.period_start <= b.period_end
 AND b.period_start <= a.period_end
WHERE b.credit_amount = 0;
```

शेवटची ओळ काढू नका. १० जूनचं आणि २२ जूनचं बिलही एकमेकांवर चढतंच, पण तिथे ३६० परत दिलेत, त्यामुळे ते चालतं. नंतरच्या बिलात काही वजा न करता काळ एकमेकांवर चढला असेल, तीच खरी डबल वसुली.

लातूरची_हिशोबनीस

चालवून घेतलं. आणखी क्लासेस निघाले, उदगीरचा एक २५ जूनचा आहे आणि तिथे बरोबर ७५०. म्हणजे तारखेचंच आहे. धन्यवाद.

सरांनी ऑटोपेचा आगाऊ मेसेजही पाठवला. त्यात १० तारीख आणि १,७७० स्पष्ट लिहिलंय. म्हणतात, "मला वाटलं तुमचंच बरोबर असेल."

औंढ्याचा_अभियंता

तो मेसेज रिझर्व्ह बँकेच्या नियमाने निदान २४ तास आधी जातोच. यापुढे प्लॅन वाढवला की त्याच दिवशी मॅंडेटवरची पुढची तारीख आणि तुमच्या टेबलमधली पुढची तारीख जुळते का, एवढं तपासायला लावा. जुळत नसेल तर बिल निघूच देऊ नका. फरकाची रक्कम मात्र लिंकवरच घ्या, महिन्याच्या मॅंडेटमध्ये कोंबू नका.

संभाजीनगर_कर_सल्लागार

क्रेडिट नोटचं बरोबर सांगितलंय. माझा आक्षेप वेगळा आहे. ते ३६० नवीन बिलातच वजा दाखवता, ते मला पटत नाही. जुन्या बिलावर ३६० ची स्वतंत्र क्रेडिट नोट आणि नवीन प्लॅनचं ९०० चं पूर्ण बिल, हे तपासणीत जास्त स्वच्छ दिसतं.

औंढ्याचा_अभियंता

दर वेळी दोन कागद? छोट्या क्लासवाल्याला ते कळणार नाही. ५४० चं एकच बिल, "वाढीव प्लॅनचा फरक, २२ जून ते ९ जुलै" असं लिहून. जुनी सेवा काढून घेतलेली नाही, वर भर घातली आहे.

संभाजीनगर_कर_सल्लागार

वर भर आहे की जुनी बंद करून नवीन दिली, हे तुमच्या करारात काय लिहिलंय त्यावर ठरेल. ताई, करारात काय आहे?

लातूरची_हिशोबनीस

करारात "प्लॅन कधीही बदलता येईल" एवढी एकच ओळ आहे. आमच्या सीएंना उद्या विचारते. आणखी एक, १० जुलै ते ९ ऑगस्ट हे चक्र ३१ दिवसांचं आहे. त्यात कोणी वर गेलं तर ३१ ने भागायचं की ३० नेच?

जालना_नेटवाला

आम्ही ३० नेच भागतो. अजून कोणी भांडलं नाही.

औंढ्याचा_अभियंता

३१ ने. ३० ने भागलं तर पहिल्याच दिवशी वर जाणाऱ्याला १,५०० च्या प्लॅनचे १,५५० लागतील.