अनुभव धागा: नोंदणी विवाह ठरलाय, पण 'लोक काय म्हणतील?'

रानजाई
हॉल, वरात, चारशे पानं हे सगळं टाळून विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं ठरवलेल्या जोडप्यांचं घोडं कागदपत्रांवर फारसं अडत नाही. ते अडतं घरातल्या एका वाक्यावर: "पळून जाऊन केलं म्हणतील." अशी लग्नं ज्यांनी जवळून पाहिली, लावून दिली, त्यांना आग्रहाचं बोलावणं आहे. प्रेमकहाण्या नकोत. लग्नाआधी द्याव्या लागणाऱ्या नोटिशीच्या महिन्यात नेमकं काय होतं, नातेवाइकांना कधी सांगायचं, कुठे फसतं, तेवढं लिहा.

पिंपळपान
आधी तारखा समजून घ्या, कारण घरातली निम्मी घबराट तारखांमुळे होते. नोटीस ज्या जिल्ह्यात द्यायची, तिथे दोघांपैकी एकजण नोटिशीआधी किमान ३० दिवस राहिलेला हवा. नोटीस दिली की विवाह अधिकारी ती कार्यालयात लावतो. लावल्यापासून ३० दिवस उलटल्यावर लग्न करता येतं. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत केलं नाही, तर ती बाद होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

समजा मुलगी मूळची साताऱ्याची, नोकरी पुण्यात. ५ जानेवारीला पुण्यात नोटीस दिली आणि त्याच दिवशी ती लागली. म्हणजे ५ फेब्रुवारीपासून लग्न करता येईल आणि ५ एप्रिलच्या आत ते उरकलेलं हवं. फलकावर लागायला दोन दिवस उशीर झाला, तर पहिली तारीखही तेवढीच पुढे जाते, म्हणून जेवणाचा हॉल ६ फेब्रुवारीला ठरवू नका. बरेच जण विसरतात ती गोष्ट पुढेच आहे. मुलीचा कायमचा पत्ता साताऱ्याचा असेल, तर नोटिशीची प्रत साताऱ्याच्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते आणि तिथेही लागते. घरी न सांगता पुण्यात नोटीस देणाऱ्यांचं बिंग फुटतं ते इथे. मग दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळल्यामुळे आईवडिलांना जास्त लागतं. घरी सांगायचं ते नोटिशीआधी.

टपालपेटी
नोटीस लावणं कोर्टाने २०२१ मध्येच बंद केलं ना? आता कुणाला काही कळत नाही.

पिंपळपान
तो अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल. नोटीस जाहीर करायची की नाही हे जोडप्याच्या इच्छेवर असावं, असं त्यात म्हटलंय. पण तो उत्तर प्रदेशचा. महाराष्ट्रात नोटीस लागते असं धरूनच चाला.

कोकणकडा
आमचं आळंदीला रीतसर लग्न झालंय, दोन वर्षं झाली. प्रमाणपत्र काढायचं राहिलं. आता नोटीस दिली तर सासऱ्यांच्या गावी फलकावर नाव लागेल आणि सगळे म्हणतील, यांचं लग्नच झालं नव्हतं की काय.

पिंपळपान
तुमचा प्रश्न वेगळा आहे, निर्धास्त राहा. झालेल्या लग्नाची नोंद राज्याच्या १९९८ च्या कायद्याने महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत होते. तिथे महिनाभराची नोटीस नाही. विवाह ज्ञापनाचा फॉर्म, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही, फोटो, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे लागतात. ९० दिवस उलटून गेल्यामुळे जादा शुल्क पडेल, इतकंच. गुरुजींची सही मिळवायला मात्र आजच लागा, सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

ओसरी
मी नातेवाइकांच्या बाजूबद्दल लिहिते. 'लोक' म्हणजे कोण, हे आईला वही घेऊन लिहायला सांगा, नावानिशी. यादी क्वचितच दहाच्या वर जाते, आणि त्यातल्या दोघातिघांचंच बोलणं तिला खरं लागणार असतं: थोरली जाऊ, मामा, कधी एखादी शेजारीण. त्या दोघातिघांना नोटिशीआधी, शक्य तर घरी जाऊन सांगायचं. बाकीच्यांना फोन पुरतो.

सांगायचं वाक्य घरातल्या सगळ्यांचं एकच हवं. "फेब्रुवारीत नोंदणी पद्धतीने लग्न आहे, दोन्ही घरं हजर आहेत, तुम्ही जेवायला या." एवढंच. वडील सांगतात "खर्च वाचवतोय", आई सांगते "मुहूर्त नव्हता", मुलगा सांगतो "आम्हाला कर्मकांड पटत नाही". मग तिन्ही कारणं एकाच लग्नात भेटतात आणि खरं कारण काय, याची चर्चा सुरू होते. कारण जितकं लांबवाल, तितकं ते लपवाछपवीसारखं ऐकू येतं.

आता मानाचा प्रश्न. मामाने अंतरपाटाशी उभं राहायचं असतं, इथे तो काय करणार? कायद्याला तीन साक्षीदार लागतात. त्यातली एक जागा मुलीच्या मामाला द्या, एक मुलाच्या काकांना किंवा आत्याला. प्रमाणपत्रावर कायमची सही राहते, आणि तसं म्हणूनच त्यांना विचारावं. अंतरपाटापेक्षा हा मान मोठा आहे असं मला मनापासून वाटतं. चौथा माणूस मूळ ओळखपत्रासह तयार ठेवा. ऐनवेळी मामा रुसला किंवा आधार कार्ड घरी विसरला, की सगळं तिथेच थांबतं.

टपालपेटी
पण साहेबाच्या टेबलासमोर सह्या, ना मंत्र ना अक्षता. म्हाताऱ्यांना ते लग्न वाटतच नाही.

पिंपळपान
हे खरंय. त्यावर कायद्यातच सोय आहे. जादा शुल्क भरून अधिकारी कार्यालयाबाहेर, वाजवी अंतरावरच्या जागी येऊ शकतो. घराच्या अंगणातही चालतं. नोटीस देतानाच विचारून ठेवा, शेवटच्या आठवड्यात तारीख मिळत नाही. अधिकारी आणि साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे शब्द उच्चारावे लागतात, ते समजणाऱ्या भाषेत, म्हणजे मराठीतही. ते मोठ्याने म्हणा, मागच्या खुर्चीतल्या आजीला ऐकू जाईल असे. मग हार, मंगळसूत्र, अक्षता. त्याला कुणाची आडकाठी नाही.

हरकतीची भीतीही सांगतो. 'जात वेगळी', 'घरच्यांची संमती नाही' या हरकती टिकत नाहीत. आधीचा जोडीदार हयात असून घटस्फोट झालेला नसणं, मुलगा २१ किंवा मुलगी १८ पेक्षा लहान असणं, मानसिक स्थितीमुळे संमती देता न येणं आणि निषिद्ध नातं, एवढीच कारणं. आपल्याकडे शेवटचं कारण महत्त्वाचं, कारण मामेबहीण आणि आतेबहीण त्या यादीत येतात. तसं नातं असेल तर आधी वकिलाला भेटा. हरकत आलीच तर अधिकाऱ्याने ३० दिवसांत चौकशी करून निकाल द्यायचा असतो. तो विरोधात गेला तर जिल्हा न्यायालयात अपील होतं.

तिरपी अक्षरं
वरचं सगळं टोमण्यांच्या भीतीसाठी ठीक आहे. घरून धमक्या येत असतील, मुलीचा फोन काढून घेतला असेल, तर 'मामाला आधी सांगा' हा सल्ला धोक्याचा आहे. २०१८ च्या शक्तिवाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष नेमायला सांगितलं होतं. जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या किंवा आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, एक प्रत वकिलाकडे ठेवा. तातडीला ११२. आणि कायमच्या पत्त्याच्या जिल्ह्यातही नोटीस लागते, त्याबद्दल अशा वेळी आधी वकिलाशी बोला.

ओसरी
बरोबर, हे मी आधीच लिहायला हवं होतं. माझं म्हणणं घरचे फक्त नाराज आहेत तिथपर्यंतच.

चूलमांडव
जेवणाबद्दल. चाळीस पानांत करायचं तर कुणाला गाळलं यावरून वाद होतो. एका पिढीची रेघ ओढा: सख्खे काका, मामा, आत्या, मावशी आणि त्यांची मुलं. एका चुलत्याला बोलावलं की सगळे चुलते आले. रेघ मोडलीत तर पुढचं बोलणं तुम्हीच ओढवून घेतलंत. आणि 'आहेर आणू नये' जरूर छापा.

ओसरी
आहेराचं मला पटत नाही. आत्याने तुमच्या आईकडून तीस वर्षं लुगडी घेतली, आता ती परत करायची तिची पाळी. नको म्हटलंत तर तिलाच लोकांसमोर खाली बघावं लागतं.

चूलमांडव
मग एकीचा घेतला आणि दुसरीचा नाकारला असं होणार. ते तर आणखी वाईट.