देवनागरी संवादात पात्राचं नाव मधोमध येत नाही

"पटकथा फाउंटन या साध्या टेक्स्टच्या पद्धतीने लिहून पीडीएफ काढली, सीन हेडिंग नीट आलं पण पात्रांची नावं डावीकडेच चिकटतायत, का?"

फाउंटन पात्राचं नाव ओळखतं ते कॅपिटल अक्षरांवरून, आणि देवनागरीत कॅपिटल नसतातच, त्यामुळे नाव आणि संवाद दोन्ही अ‍ॅक्शन, म्हणजे प्रसंगाचं वर्णन, समजून पूर्ण रुंदीत छापले जातात. नावाआधी @ लावा, पीडीएफमध्ये तो दिसत नाही.

```
INT. खोली - रात्र

@सुमन
दार लाव आधी.
```

नावाच्या वर एक ओळ रिकामी हवीच आणि खाली अजिबात नको, नाहीतर परत तेच होणार. मार्जिन हाताने स्पेस मारून लावू नका, डावीकडे दीड इंच, संवाद अडीच इंचावर, नाव साधारण 3.7 इंचावर हे सगळं अ‍ॅपच करतं. फक्त पटकथेच्या नेहमीच्या कुरियर फॉन्टमध्ये देवनागरी नाही, म्हणून एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट हा हिशोब मराठीत तंतोतंत धरू नका.