सल्ला हवा: फारसी हम्द म्हणजे ईश्वरस्तुतीची कविता वाचायला पुस्तक, बजेट ६०० रुपये

मृण्मयी_सांगली: फारसी कवी निज़ामीच्या मख़्ज़न-उल-असरार या काव्याची पहिलीच बैत, दोन ओळींची, अडली. बिस्मिल्लाची ओळ झाली की पुढे "हस्त किलीद दर गंज हकीम". मी "खजिन्यात किल्ली आहे" असा अर्थ लावला, पण हकीम लोंबकळत राहतो. दोन नामं जोडणारा "ए" कुठे घ्यायचा ते दाखवणारं पुस्तक सुचवा.

दप्तरी_काका: स्टाइनगासचा फारसी-इंग्रजी कोश घ्या. मी साडेतीन हजारांना घेतला, एक दिवस पस्तावलो नाही.

गझलवेडा: काका, बजेट सहाशे आहे! आणि कोशात सुटे शब्द मिळतात, "ए" नाही मिळत. ताई, सोपं आहे, प्रत्येक नामामागे "ए" लावत जा.

नस्तालीक: प्रत्येक नामामागे नको, साखळीतलं शेवटचं नाम मोकळंच राहतं. ताई, तुम्ही "दर" म्हणजे "मध्ये" धरलंत, इथे तो "दार" आहे. "किलीद-ए दर-ए गंज-ए हकीम". मराठीत शेवटाकडून उलटं या: हकीमाच्या खजिन्याच्या दाराची किल्ली. ती किल्ली म्हणजे वरची बिस्मिल्ला.

मृण्मयी_सांगली: पण छापलेलं तर काहीच नाही. ओळखायचं कसं?

नस्तालीक: व्यंजनानंतर "ए" सहसा छापतच नाहीत. वृत्ताला विचारा. गाललगा गाललगा गालगा. हस्-त-कि-ली, दे-द-रे-गन्, जे-ह-कीम. चपखल बसतं. "मध्ये" धरून म्हणा: हस्-त-कि-ली, पुढे द-दर्-गन्. गा हवा तिथे ल आला, ठेच लागली. एक जपा, हा "ए" आपल्या ए-सारखा कायम गुरू नसतो. इथे पहिला आणि तिसरा लांबवायचा, मधला "रे" आखूड.

दप्तरी_काका: "ए" तेहरानचा. आमचे उस्ताद "किलीद-इ" म्हणत, हिंदुस्थानात तसंच शिकवत.

गझलवेडा: आपल्या कागदांतलं "किल्ले रायगड", "मौजे अमुक" तेच ना? मग ए-च खरा.

दप्तरी_काका: मोडीतल्या लेखनावरून उच्चार ठरत नसतो.

पुणेकर_स्वाती: मी ऑनलाइन वर्ग लावला होता. चार महिने नुसती अक्षरं गिरवली, फी पाण्यात.

नस्तालीक: ताई, पुस्तक नकोच. ganjoor.net वर कविता फुकट आहे, अनेक ठिकाणी वाचनही ऐकू येतं. आधी गालगा मांडा, मग ऐकून ताडून बघा.

गझलवेडा: मी म्हटलंच होतं, वृत्त बघा. बाकी हकीम म्हणजे ज्ञानी, पण तो ईश्वर की स्वतः कवी?

नस्तालीक: मी ईश्वर घेतो. निज़ामीलाही हकीम म्हणत, त्यामुळे दुसऱ्या अर्थाचेही लोक भेटतील.

मृण्मयी_सांगली: दर-ए म्हणून पाहिलं, ठेच गेली! पण स्क्रीनवर डोळे दुखतात. रद्दीवाल्याकडे साडेचारशेला एक जुनी प्रत आहे, वर-खाली काही खुणा नाहीत. तीच घेते, पेन्सिलीने "ए" मीच लिहीन.

दप्तरी_काका: स्टाइनगास लागेलच.